ग्लुटॅमिक आम्लाचा प्रभार शून्य कधी होतो?

अमिनो आम्लाच्या प्रत्येक रेणूत प्रोटॉन सोडणारे दोन किंवा तीन गट असतात. द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, बदलला की यातल्या काही गटांचे प्रोटॉन सुटतात किंवा परत जोडले जातात आणि रेणूवरचा विद्युत प्रभार बदलतो. ज्या सामूला या प्रभाराची सरासरी शून्य होते, तो त्या आम्लाचा समविद्युत बिंदू. प्रत्येक गटाचा विघटन स्थिरांक ठाऊक असला, तर हा बिंदू कागदावर काढता येतो.

विघटन स्थिरांक फार लहान संख्या असल्याने तो पीकेए या रूपात लिहितात. पीकेए म्हणजे असा सामू, ज्याला त्या गटाचे निम्मे प्रोटॉन सुटलेले असतात. सामू त्याच्या खाली असेल तर बहुतेक प्रोटॉन गटावरच राहतात, वर गेला की सुटतात.

ग्लुटॅमिक आम्लाचे उदाहरण घेऊ. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ते वेगळे केले आणि त्या शेवाळाच्या रश्श्याची खास चव त्याच्यामुळे येते हे दाखवले. त्याच्या रेणूत तीन गट महत्त्वाचे आहेत: मुख्य कार्बॉक्सिल गट (पीकेए २.१९), बाजूच्या साखळीतला कार्बॉक्सिल गट (४.२५) आणि अमिनो गट (९.६७). प्रोटॉन गेल्यावर कार्बॉक्सिल गटावर ऋण प्रभार येतो, तर अमिनो गटावर प्रोटॉन असेपर्यंत धन प्रभार असतो.

तीव्र आम्लात तिन्ही गटांवर प्रोटॉन असतात आणि रेणूचा प्रभार +१ असतो. सामू वाढवत नेला की आधी मुख्य कार्बॉक्सिलचा प्रोटॉन सुटतो आणि प्रभार शून्य होतो. मग बाजूच्या कार्बॉक्सिलचा सुटून तो −१ होतो आणि शेवटी अमिनो गटाचा सुटून −२. शून्य प्रभाराची अवस्था पहिल्या आणि दुसऱ्या पीकेएच्या मध्ये येते, म्हणून त्या दोघांचीच सरासरी घ्यायची:

pI = (2.19 + 4.25) / 2 = 3.22

तिन्ही पीकेएंची सरासरी काढणे ही नेहमीची चूक आहे. तिचे उत्तर ५.३७ येते; पण त्या सामूला रेणूचा प्रभार सुमारे −०.९३ असतो, त्यामुळे ते उत्तर पडताळणीत टिकत नाही. लायसीनमध्ये बाजूचा गटही अमिनो असल्याने तेथे वरचे दोन पीकेए, ८.९५ आणि १०.५३, घ्यावे लागतात आणि बिंदू ९.७४ वर जातो. कोणते दोन पीकेए घ्यायचे हे शून्य प्रभाराच्या अवस्थेच्या दोन्ही बाजूंना कोणते आहेत त्यावर ठरते.

इतर कोणत्याही सामूला प्रभार काढण्यासाठी प्रत्येक गटाचा वाटा वेगळा मोजून बेरीज करतात:

कार्बॉक्सिल: −1 / (1 + 10^(pKa − pH))
अमिनो: +1 / (1 + 10^(pH − pKa))

सामू ४ असताना मुख्य कार्बॉक्सिलचा वाटा −०.९८, बाजूच्याचा −०.३६ आणि अमिनो गटाचा +१ येतो, बेरीज −०.३४. एकाही रेणूवर असा अपूर्णांकी प्रभार नसतो. काही रेणूंवर शून्य, काहींवर −१ असतो आणि ही त्यांची सरासरी असते. समविद्युत बिंदूलाही हेच लागू आहे: ३.२२ ला सुमारे ८४ टक्के रेणू शून्य प्रभाराचे असतात आणि उरलेल्यांत +१ व −१ वाले निम्मे निम्मे. सामू ७ ला मात्र दोन्ही कार्बॉक्सिलचे प्रोटॉन जवळजवळ पूर्ण सुटलेले असतात, अमिनोचा टिकून असतो आणि प्रभार −१ होतो.

या दोन आकड्यांचा उपयोग कारखान्यात होतो. निव्वळ प्रभार शून्य असताना रेणू एकमेकांना दूर ढकलत नाहीत आणि विद्राव्यता सर्वांत कमी होते. म्हणून किण्वनातून मिळालेल्या द्रावणात आम्ल घालून सामू ३.२ च्या आसपास आणतात, तेव्हा ग्लुटॅमिक आम्लाचे स्फटिक खाली बसतात. ते वेगळे करून सोडियमयुक्त अल्कलीने सामू ७ च्या जवळ नेले की −१ प्रभाराच्या प्रत्येक आयनासोबत एक सोडियम आयन येतो. हेच मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे स्वयंपाकघरातले अजिनोमोटो.

वरचे पीकेए सुट्या अमिनो आम्लाचे आणि २५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे आहेत. तापमान किंवा द्रावणातले क्षार बदलले तर ते थोडे सरकतात. प्रथिनात गुंफलेल्या ग्लुटॅमिक आम्लाचे मुख्य कार्बॉक्सिल आणि अमिनो गट सहसा पेप्टाइड बंधात अडकलेले असतात, त्यामुळे तेथे ३.२२ हा आकडा चालत नाही; फक्त बाजूचा गट मोजायचा, आणि त्याचा पीकेएही शेजारच्या गटांमुळे बदललेला असू शकतो.