तीस किलोचा गुळाचा रवा चंद्रावर पाच किलोच कसा भरतो?

कुंडल : हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या वजनकाट्यावर रांगेत उभ्या राहतात आणि शेतकऱ्याची नजर काट्याच्या आकड्यावर खिळते. भरलेल्या ट्रॉलीचं वजन, मग रिकाम्या ट्रॉलीचं वजन, आणि मधला फरक म्हणजे ऊस. पण हा काटा नक्की मोजतो काय? ऊस किती आहे ते, की पृथ्वी त्या उसाला किती जोरानं खाली ओढते ते? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाचा धडा आहे, त्यात हा फरक आहे. परीक्षेत दोन गुणांपुरता पाठ होतो आणि पुढं विसरला जातो.

गुळाचं उदाहरण घेऊ. तीस किलोचा एक रवा आहे. त्यात जेवढा गूळ आहे ते त्याचं वस्तुमान. पृथ्वी त्या गुळाला जेवढ्या जोरानं ओढते ते त्याचं वजन. पृथ्वीवर दर किलोला ही ओढ सुमारे 9.8 न्यूटन असते, म्हणून रव्याचं खरं वजन झालं 294 न्यूटन. बाजारात न्यूटन कुणी बोलत नाही. काटा तयार करतानाच त्या ओढीला 9.8 नं भागून किलो दाखवायची सोय केलेली असते.

आता हाच रवा चंद्रावर न्यायचा. तिथं दर किलोला ओढ फक्त 1.62 न्यूटन, म्हणजे साधारण सहावा हिस्सा. हुकाच्या ताणकाट्याला रवा अडकवला तर स्प्रिंग सहापट कमी ताणेल आणि काटा पाच किलो दाखवेल. पण जुना दोन पारड्यांचा तराजू घेतला, एका पारड्यात रवा आणि दुसऱ्यात तीस किलोची मापं ठेवली, तर दांडी सरळच राहील. कारण चंद्र गुळाला जितका कमी ओढतो तितकाच मापांनाही कमी ओढतो. गूळ तेवढाच आहे, त्यात चहाही तेवढाच गोड होईल.

माणसाचंही तसंच. साठ किलोचा अंतराळवीर चंद्रावर साध्या वजनकाट्यावर उभा राहिला तर काटा दहा किलो दाखवेल, पण त्याच्या अंगातलं हाडमांस कणभरही कमी झालेलं नसतं. चांद्रयान-3 मधला प्रज्ञान रोव्हर 26 किलोचा. ऑगस्ट 2023 मध्ये तो चंद्रावर उतरला तेव्हा ताणकाट्यावर सुमारे 4.3 किलोच भरला असता.

वस्तुमान बदललं नाही हे तिथं अंगावर येतं ते हालचाल करताना. चालत्या वस्तूला थांबवायला किती जोर लागेल हे वस्तुमानावर ठरतं. जमिनीवर पायाची पकड मात्र वजनावर असते. चंद्रावर पकड सहावा हिस्सा आणि थांबवायचं शरीर तेवढंच. ओल्या रस्त्यावर भरलेली ट्रॉली घेऊन जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, ब्रेक दाबला तरी गाडी पुढं सरकतेच. एप्रिल 1972 मध्ये अपोलो 16 च्या चार्ल्स ड्यूक यांनी चंद्रावर उंच उडी मारून बघितली. अंगावरचा पोशाख आणि पाठीवरची पेटी मिळून पृथ्वीवर ऐंशी किलोच्या वर भरतील एवढी सामग्री होती. पाठीकडं भार जास्त, म्हणून ते हवेतच मागं कलले आणि थेट पेटीवर पडले. श्वासाची हवा त्याच पेटीतून येत होती. ती फुटली नाही म्हणून बरं.

मग उसाच्या काट्याचं काय? आजचे वजनकाटे ताणकाट्याच्याच जातीचे. प्लॅटफॉर्मखाली पोलादाचे लोडसेल असतात, ते भारानं किंचित दाबले जातात आणि त्यावरून आकडा येतो. म्हणजे काटा ओढच मोजतो, आणि ओढ पृथ्वीवरही सगळीकडं अगदी सारखी नसते. विषुववृत्तावर ती 9.78, ध्रुवावर 9.83. विषुववृत्तावर जुळवलेला काटा तसाच उचलून ध्रुवावर नेला तर दहा टनांना तो पन्नास किलोच्या आसपास जास्त दाखवेल. आपल्या भागात एका गावाहून दुसऱ्या गावी एवढा फरक पडत नाही. तरी मोठा काटा बसवला त्याच जागी प्रमाणित मापं ठेवून जुळवायचा असतो, त्याचं हेही एक कारण. मापाचं वस्तुमान ठरलेलं असतं. त्याच जागी काटा त्याच्याशी जुळला की मग आकडा उसाच्या वस्तुमानाचा झाला, आणि पैसे त्याचेच मिळतात.

अंतराळ स्थानकात तर काटा चालतच नाही, कारण माणूस आणि काटा दोघंही तरंगत असतात. तिथं वस्तुमान मोजायला 1973 मध्ये स्कायलॅबवर स्प्रिंगची खुर्ची वापरली. अंतराळवीराला तिच्यात घट्ट बांधायचं, खुर्ची ओढून सोडायची आणि एका हेलकाव्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. वस्तुमान जास्त तर हेलकावा सावकाश, कमी तर झटपट.