परीक्षेआधीचा बर्नआउट आणि विद्यापीठातला समुपदेशक

ब्रिटनमध्ये एक वर्षाचे एमएस्सी करायला गेलेल्या विद्यार्थ्याचे वर्ष बहुधा सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि पहिली परीक्षा जानेवारीत येते. मधल्या काळात नवे घर, असाइनमेंट्‌स, आठवड्याला 20 तासांपर्यंतची नोकरी आणि घरच्या कर्जाची काळजी एकदमच अंगावर पडते.

परीक्षेची धास्ती पेपर संपला की ओसरते, एखादी रात्र नीट झोप लागली तरी कमी होते. बर्नआउटमधला थकवा झोपूनही जात नाही. त्याच्या जोडीला दोन गोष्टी येतात: ज्या विषयासाठी एवढा आटापिटा केला त्याचाच तिटकारा येतो आणि आपल्याला काहीच जमत नाही असे वाटू लागते. मग लेक्चर बुडते, सुपरवायझरची ईमेल न उघडताच पडून राहते. आईने फोनवर ‘जेवलास का रे?’ विचारले की ‘हो’ म्हणायचे आणि विषय बदलायचा. असे दोन-तीन आठवडे चालले, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नये.

समजा, सांगलीच्या एका विद्यार्थ्याला हे नोव्हेंबरच्या मध्यात जाणवले. विद्यापीठाच्या समुपदेशन विभागाचा ऑनलाइन फॉर्म त्याने भरला, की आधी छोटी भेट होते आणि गरज पाहून पुढच्या भेटी ठरतात. सेवा विनामूल्य असते, पण भेटी मोजक्याच मिळतात आणि परीक्षा जवळ आली की रांग वाढते. नोव्हेंबरमध्ये गेलेल्याला डिसेंबरात झोप आणि अभ्यासाची घडी बसवायला वेळ मिळतो. जानेवारीत गेलेल्याला तो मिळेलच असे नाही. औषधांची गरज वाटली तर जीपीकडे जावे लागते. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे नोंदणी केली की ही भेटही मोफत असते.

व्हिसा जाईल या भीतीने अनेक जण समुपदेशकाकडे फिरकतच नाहीत. समुपदेशनातले बोलणे गोपनीय असते. जिवाला गंभीर धोका असण्यासारखे अपवाद सोडले, तर ते ना प्राध्यापकांकडे जाते, ना पालकांकडे. व्हिसाला खरा धोका आहे तो कुणाला न कळवता गैरहजर राहण्याचा, कारण विद्यार्थ्याचा सहभाग थांबला तर विद्यापीठाला ते गृह खात्याला कळवावे लागते.

दुसरी अडचण ‘फिट टू सिट’ या नियमाची. तो अनेक विद्यापीठांत आहे: पेपरला बसला म्हणजे विद्यार्थ्याने आपण परीक्षा देण्याइतके ठीक असल्याचे मान्य केले. निकाल लागल्यावर ‘तेव्हा तब्येत बरी नव्हती’ म्हटले, तर ते सहसा चालत नाही. पेपर पुढे ढकलायचा अर्ज मुदतीत, पुराव्यासह करावा लागतो. जीपीचे पत्र त्यासाठी चालते, पण ते मिळायला दिवस लागतात.

वर्षच मध्ये थांबवण्याचा पर्यायही असतो. मात्र तो निवडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्लागाराला भेटलेच पाहिजे: त्यात बहुधा विद्यापीठ व्हिसाचे प्रायोजकत्व काढून घेते आणि विद्यार्थ्याला मायदेशी परतून नव्याने व्हिसा काढावा लागतो.