लाख व्ह्यूज, दोन भाव

माझ्या मावशीच्या पाककृतींच्या यूट्यूब चॅनलचा हिशेब मी बघते. ती कोल्हापूरला स्वयंपाक करते, भाचा चित्रीकरण करतो, आणि महिना संपला की कमाईचे तक्ते आम्ही दोघी शेजारी बसून वाचतो. त्यातल्या दोन व्हिडिओंनी मावशीला पार चक्रावून टाकलं होतं. एक मसालेभाताचा. दुसरा अमेरिकेतल्या दुकानांत मिळणाऱ्या पिठाची पुरणपोळी कशी जमवायची याचा. दोन्ही बारा-तेरा मिनिटांचे आणि दोन्हींना साधारण एक-एक लाख व्ह्यूज. मसालेभाताचे ३५ डॉलर जमले होते, पुरणपोळीचे १३२. हिशेब सोपा जावा म्हणून हे आणि पुढचे आकडे मी गोल केले आहेत.

"अगं, बघणारे तेवढेच, राबणं तेवढंच. मग पैसे चौपट कसे?" मावशीनं विचारलं.

प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: व्ह्यू म्हणजे ठरावीक भावाची वस्तू. तसं ते नसतं. यूट्यूब व्ह्यूचे पैसे देत नाही. व्हिडिओच्या आधी, मध्ये किंवा शेवटी जाहिरात दाखवायची जी संधी तयार होते, ती विकली जाते. आणि तिची विक्री त्या-त्या प्रेक्षकापुरती, त्या क्षणी, लिलावानं होते. कोण बघतंय, कुठून बघतंय, कशात रस घेणारं आहे याचा अंदाज जाहिरातदारांपुढे जातो आणि त्यांच्या बोलीवरून भाव ठरतो. मार्केट यार्डात एकाच शेतातल्या दोन गाड्यांना वेगळा दर मिळतो, कारण एका गाडीभोवती पाच व्यापारी उभे असतात आणि दुसरीभोवती एकच. इथेही मालापेक्षा भोवतीची गर्दी दर ठरवते.

आता तक्ता. स्टुडिओतल्या ॲनालिटिक्समध्ये कमाईचं पान उघडलं की आरपीएम दिसतो: दर हजार व्ह्यूजमागे आपल्या पदरात काय पडलं ते. मसालेभाताचा ०.३५ डॉलर, पुरणपोळीचा १.३२. पण आरपीएम हे उत्तर नाही. तो सगळ्यांची सरासरी आहे, आणि सरासरी कशाची बनली आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. म्हणून व्हिडिओ निवडायचा, Advanced mode उघडायचा आणि Geography लावायचं. मग देशागणिक ओळी येतात.

मसालेभात जवळजवळ सगळा भारतातच बघितला गेला होता. पुरणपोळीच्या लाखातले ६८ हजार व्ह्यूज भारतातले, २० हजार अमेरिकेतले, ८ हजार कॅनडा, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातले, उरलेले ४ हजार आखाती देशांतले. भारतातल्या ६८ हजारांनी दिले २४ डॉलर, म्हणजे दर हजारी पुन्हा तेच ०.३५. अमेरिकेतल्या २० हजारांनी दिले ८०. कॅनडा-इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या आठ हजारांनी २४, आखाताच्या चार हजारांनी ४. एक-पंचमांश प्रेक्षकांनी साठ टक्के पैसे आणले होते. भारतातल्या प्रेक्षकापुरतं बोलायचं तर दोन्ही व्हिडिओ सारखेच विकले गेले.

मावशीला हे पटलं, पण पुरलं नाही. अमेरिकेतल्या हजार व्ह्यूजना चार डॉलर आणि इथल्या हजारांना पस्तीस सेंट, एवढी दरी का? तिच्यासाठी मी दोन्ही हजारांचा प्रवास कागदावर मांडला.

अमेरिकेतल्या हजार व्ह्यूजपैकी साधारण ६०० वेळा निदान एक जाहिरात लागली. स्टुडिओत ही संख्या Estimated monetized playbacks या नावाखाली दिसते. व्हिडिओ आठ मिनिटांहून मोठा असल्यानं मधल्या जाहिरातींनाही जागा होती, त्यामुळे त्या ६०० वेळांत मिळून ७२० जाहिराती दाखवल्या गेल्या. हजार जाहिरातींना जाहिरातदारांनी सरासरी १० डॉलर मोजले, हा सीपीएम. म्हणजे ७.२० डॉलर जमले. लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा चॅनलचा, म्हणून हातात आले जेमतेम चार. भारतातल्या हजारांत जाहिरात लागली ४५० वेळा, जाहिराती झाल्या ५४०, हजारी भाव १.२० डॉलर. जमले ०.६५, त्याचे ५५ टक्के म्हणजे ०.३५ च्या आसपास.

वाटा दोन्हीकडे सारखा आहे हे नीट बघायला हवं. "आपल्याला कमी टक्के देतात" ही तक्रार मी अनेकांकडून ऐकते, पण फरक तिथे नाही. थोडा फरक जाहिरात किती वेळा लागली यात आहे, आणि खूप मोठा फरक एका जाहिरातीच्या भावात आहे. जाहिरात लागण्याचं प्रमाण आपल्याकडे कमी पडतं, कारण कितीतरी वेळा त्या प्रेक्षकासाठी, त्या क्षणी, पुरेशी बोली लावणारं कुणी नसतंच. संधी तयार होते आणि न विकता जाते. मोफत बघितलेला तो व्ह्यू मोजला मात्र जातो, आणि आरपीएमच्या भागाकारात खाली जाऊन बसतो.

भाव का तुटतो, याचं मूळ जाहिरातदाराच्या वहीत आहे. एक गिऱ्हाईक मिळालं तर त्याच्याकडून पुढे किती कमाई होणार, यावर तो बोलीची मर्यादा ठरवतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी बाईच्या पडद्यावर गाडीचा विमा विकणारा, भारतात पैसे पाठवायची सोय देणारा, विमानाची तिकिटं विकणारा आणि घरकर्ज देणारा, असे सगळे एकाच वेळी येऊ पाहतात. यातल्या कुणाला ती गिऱ्हाईक म्हणून मिळाली, तर त्याची शेकडो डॉलरची सोय होते. सांगलीतल्या बाईसाठी साबण, मसाले, मोबाइलवरचे खेळ आणि खरेदीची ॲप्स बोली लावतात. त्यांची संख्या मोठी असली तरी एका गिऱ्हाइकामागचा नफा थोडा, म्हणून बोलीही थोडी. शिवाय इथे यूट्यूब बघणारे अफाट आहेत. विकायला असलेल्या संधी जास्त आणि त्यांवर खर्च होणारा पैसा त्या मानानं कमी, मग भाव चढणार कसा?

यातून "देश ठरला की दर ठरला" असं कुणी समजू नये. भारतातल्या भारतातही तीच बोली वेगळी लागते. मुदतीचा विमा किंवा म्युच्युअल फंडावरचा मराठी व्हिडिओ पाककृतीपेक्षा जास्त आरपीएम मिळवू शकतो, कारण तो बघणारा माणूस पैशांचा निर्णय घ्यायच्या बेतात आहे, हे बँका आणि विमा कंपन्या जाणून असतात. उलट, लहान मुलांसाठी म्हणून नोंदलेल्या व्हिडिओवर २०२० पासून प्रेक्षकाच्या आवडीनुसार जाहिरात दाखवता येत नाही. तिथे जाहिरातदाराला कोण बघतंय ते कळत नाही आणि तो हात आखडता घेतो.

मागणीला ऋतूही असतात. अमेरिकेत ऑक्टोबरपासून नाताळपर्यंत कंपन्यांचा वर्षाचा उरलेला पैसा बाहेर पडतो आणि जानेवारी लागली की भाव घसरतात. आपल्याकडे चढ येतो तो दसरा-दिवाळीच्या आधी. मावशीच्या तक्त्यात यातली एक गंमत मला फार महत्त्वाची वाटते. पुरणपोळी लोक शोधतात होळीला, म्हणजे मार्चमध्ये, जेव्हा अमेरिकेतले भाव वर्षअखेरीच्या तुलनेत खालीच असतात. चकली आणि करंजी शोधली जाते दिवाळीला, नेमकी जेव्हा दोन्ही देशांतले जाहिरातदार हात सैल करतात. एकाच परदेशस्थ मराठी घरातल्या एकाच प्रेक्षकाची किंमत चकली बघताना जास्त आणि पोळी बघताना कमी असते, आणि त्यात पोळीचा काही दोष नसतो.

आरपीएम पडला की काय बिघडलंय ते ओळखण्याची आमची रीत याच कागदावरून आली. आधी बघायचं, सीपीएम पडलाय का. प्रत्येक देशाच्या ओळीत तो खाली आला असेल, तर मागणीच मंद आहे. जानेवारीत हे हमखास दिसतं आणि त्यावर आपल्या हातात काही नसतं. सीपीएम जागच्या जागी आहे, पण जाहिरात लागलेल्या वेळांचं व्ह्यूजशी प्रमाण घटलंय, तर त्या व्हिडिओपुढचं चिन्ह तपासायचं. ते पिवळं झालं असेल तर जाहिराती मर्यादित झाल्या आहेत, आणि फेरतपासणी मागता येते. हे दोन्ही जागेवर असेल, तर देशांचं मिश्रण बदललंय.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. पुरणपोळीचा तो व्हिडिओ पुढे भारतात एकदम पसरला आणि आणखी दोन लाख व्ह्यूज इथूनच आले. त्यांचे ७० डॉलर जमा झाले. एकूण तीन लाख व्ह्यूज, २०२ डॉलर, आणि आरपीएम १.३२ वरून ०.६७ वर. मावशी घाबरली, "दर निम्मा केला की काय यांनी?" कुणी काही केलं नव्हतं. अमेरिकेतले ८० डॉलर जसेच्या तसे होते, इथल्या हजारी दरातही बदल नव्हता. फक्त सरासरीत कमी भावाचे व्ह्यूज जास्त मिसळले होते. पैसे वाढले आणि आरपीएम पडला, दोन्ही एकाच कारणानं. अशा वेळी आरपीएम सुधारायला म्हणून काही बदलायला जाणं म्हणजे चालत्या व्हिडिओचं नुकसान. याच कारणासाठी शॉर्ट्सचे आकडे आम्ही लांब व्हिडिओंत कधी मिसळत नाही. तिथल्या जाहिरातींचा पैसा देशनिहाय एकत्र जमतो आणि त्या देशातल्या व्ह्यूजच्या प्रमाणात वाटला जातो, चॅनलचा वाटाही ४५ टक्के. एका मोठ्या शॉर्टनं पूर्ण चॅनलचा आरपीएम रसातळाला गेल्यासारखा दिसू शकतो.

अमेरिकेच्या ८० डॉलरवर आणखी एक कात्री लागते. २०२१ च्या जूनपासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. भारतातल्या निर्मात्यानं ॲडसेन्समध्ये कराची माहिती भरून दोन देशांमधल्या कराराचा लाभ घेतला, तर १५ टक्के, म्हणजे इथे १२ डॉलर. माहितीच भरली नाही तर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते, आणि तीही जगभरच्या कमाईवर, म्हणजे मसालेभाताच्या ३५ डॉलरवरसुद्धा. स्टुडिओतल्या आकड्यात ही कपात दिसत नाही, ती ॲडसेन्सच्या खात्यात कळते. पुरणपोळीच्या पहिल्या लाखाचे १३२ म्हणूनच प्रत्यक्षात १२० झाले.

मावशीनं नंतर ठरवून परदेशातल्या स्वयंपाकघरांसाठी आणखी काही व्हिडिओ केले: तिथल्या मापांनी, तिथे मिळणाऱ्या जिनसांनी. अमेरिकेच्या ओळीतला दर चांगलाच राहिला, पण व्ह्यूज पहिल्यासारखे वीस हजारांवर गेले नाहीत. तिथे मराठी समजणारी घरं मोजकी, त्यांतली स्वयंपाकाचे व्हिडिओ शोधणारी त्याहून मोजकी, आणि सणवार सोडून ती रोज येत नाहीत. भारतातली ओळ पस्तीस सेंटांची असली तरी ती बाराही महिने वाहती असते. महिन्याचा गॅस, भाजी आणि भाच्याच्या कॅमेऱ्याचा हप्ता अजून तिच्यावरच निघतो.