दोनशे जार आणि तीन दिवसांचा निकाल

संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचं गाव म्हणून सुदुंबरे ओळखलं जातं. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला तळेगाव आणि चाकणचे कारखाने. वारकऱ्यालाही पाणी हवं आणि पाळीवरच्या कामगारालाही, त्यामुळे वीस लिटरच्या जारचा एक छोटा प्रकल्प इथे कुणाच्याही मनात यावा. या प्रकल्पाचा आराखडा मांडायला बसलं की थक्क करणारी एक गोष्ट समोर येते. पाणी शुद्ध करण्यापेक्षा शुद्ध झालेलं पाणी शुद्ध ठेवण्यावरच खर्च, जागा आणि वेळ जास्त जातो.

रोजचे दोनशे जार धरू. म्हणजे चार हजार लिटर पाणी झालं. जार धुवून शेवटचं खळखळणं तयार पाण्यानेच करायचं, त्याला दर जारमागे पाच लिटर, म्हणजे आणखी हजार. तयार पाणी पाच हजार लिटर हवं. आरओच्या पडद्यातून आत गेलेल्या पाण्यापैकी सुमारे साठ टक्के निवळ होऊन बाहेर येतं, तेव्हा बोअरमधून साडेआठ हजार लिटरच्या आत उपसा करावा लागेल. ताशी हजार लिटरचं यंत्र पाच तास चाललं की काम झालं.

सह्याद्रीच्या पायथ्याचा हा सगळा पट्टा बेसाल्टचा. या खडकाच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. हिशेबासाठी लिटरमागे सहाशे मिलिग्रॅम क्षार धरले आहेत, पण बांधकामाआधी बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून खरा आकडा घ्यायलाच हवा. आधी वाळूचा फिल्टर गाळ अडवतो. मग कोळशाचा फिल्टर वास आणि क्लोरीन काढतो, कारण क्लोरीन आरओचा पडदा खाऊन टाकतं. पुढे पाच मायक्रॉनची काडतूस-गाळणी आणि मग सुमारे दहा बार दाबाचा पंप. या दाबाखाली पाणी पडद्यातून पलीकडे जातं आणि क्षार मागे राहतात. पडदा चांगला असेल तर पलीकडचे क्षार तीस मिलिग्रॅमच्या आसपास. हा आकडा रोज वहीत लिहायचा. तो हळूहळू चढला तर पडदा थकतोय. एका दिवसात दुप्पट झाला तर कुठेतरी रबरी कडी निसटली आहे आणि कच्चं पाणी मिसळतंय.

मागे राहिलेल्या तेहतीसशे लिटर पाण्यात क्षार लिटरला चौदाशे मिलिग्रॅमच्या वर जातात. ते शेताच्या पाटात सोडू नये. फरशी आणि शौचालय धुवायला ते चालतं, बाकीच्याचं काय करणार हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीच्या अर्जात सांगावं लागतं.

इथेच पहिलं नवल आहे. तीस मिलिग्रॅमचं हे पाणी कायद्याने विकता येत नाही, कारण ते नियमाच्या मानाने जास्तच निवळ आहे. नियम सांगतो की क्षार लिटरला ७५ ते ५०० मिलिग्रॅम, कॅल्शियम किमान २० आणि मॅग्नेशियम किमान १० असावं. सोपा उपाय म्हणून कच्च्या पाण्याचा सहावा हिस्सा परत मिसळला, तर एकूण क्षार सव्वाशेवर येतात. पण कच्च्या पाण्यात कॅल्शियम साठ असेल तर मिश्रणात ते जेमतेम बारा होतं. म्हणजे खनिजं मोजून घालणारा छोटा पंप हवाच. शिवाय कच्च्या पाण्यातून नायट्रेट आणि ब्रोमाइडही परत येतं, आणि ब्रोमाइडचं काय होतं ते आता पाहू.

दुसरं नवल ओझोनचं. यूव्ही दिव्याखालून गेलेलं पाणी त्या क्षणापुरतं जंतुमुक्त असतं, त्याच्याजवळ पुढचं संरक्षण काही नसतं. म्हणून त्यात थोडा ओझोन विरघळवतात, भरताना लिटरला सुमारे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम. जारच्या भिंती, झाकणाची आतली बाजू, पाण्याच्या वरची हवा, सगळीकडचे जंतू तो मारतो आणि काही तासांत साधा ऑक्सिजन होऊन विरून जातो. ग्राहकाच्या ओठाला पोचेपर्यंत त्याचा मागमूस उरत नाही. पण डोस वाढवला तर तोच ओझोन ब्रोमाइडचं ब्रोमेट करतो, आणि ब्रोमेटची मर्यादा लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम आहे. ‘थोडा जास्त दिला तर चांगलंच’ हा हिशेब इथे उलटा पडतो.

एवढं करूनही जार हा कच्चा दुवा राहतो. परत आलेला जार कुणाच्या अंगणात उन्हात पडलेला असतो, कुणी त्यात काही भलतंच भरून ठेवलेलं असतं. म्हणून पहिली तपासणी नाकाने. रॉकेलचा किंवा साबणाचा वास आला की तो जार बाद, कारण प्लास्टिकमध्ये मुरलेला वास धुण्याने जात नाही. शेवाळाची हिरवट कड दिसली तर आधी ब्रशने घासून मगच गरम पाण्यात धुवायचा. ओझोनला मळाचा थर भेदता येत नाही.

आता तिसरं नवल, तेच सगळ्यात अवघड. २५० मिलिलिटर पाणी बारीक पडद्यातून गाळून तो पडदा जिवाणूंच्या खाद्यावर ठेवतात. ई. कोलाय किंवा स्यूडोमोनास यातलं एकही सापडता कामा नये. पण डोळ्यांना न दिसणारा जिवाणू वाढून ठिपका व्हायला एक-दोन दिवस लागतात, आणि २०-२२ अंशांवरची एकूण जिवाणूंची मोजणी ७२ तासांनी होते. म्हणजे सोमवारी भरलेल्या जारचा पूर्ण निकाल गुरुवारी. तोवर जार ठेवायचे तर सहाशे जारची जागा हवी, नाहीतर कुठल्या तुकडीचा जार कुठे गेला ते नेमकं माहीत हवं.

फेऱ्यांची आखणी इथून सुरू होते. भरलेला जार पावणेएकवीस किलोच्या आसपास. साडेसातशे किलोच्या छोट्या टेम्पोत पस्तीस बसतात, म्हणजे दिवसाच्या सहा फेऱ्या. इंदुरी-तळेगावच्या फेरीत एकच तुकडी, देहूच्या फेरीत दुसरी, असं वाटलं तर बिघाड झाल्यावर एकाच रस्त्याने जाऊन माल परत आणता येतो. ताडपत्री हवीच, आणि रिकामे परतीचे जार भरलेल्यांच्या शेजारी लावू नयेत. पालखीच्या प्रस्थानाला देहूची मागणी वाढेल तेव्हा थांबायला कुणालाच वेळ नसेल. त्या आठवड्यासाठी आधीच साठा करून तपासून ठेवणं हाच मला एकमेव प्रामाणिक मार्ग दिसतो.

परवान्यांपैकी मुख्य अन्नसुरक्षेचा. पूर्वी त्यासोबत आयएस १४५४३ ची आयएसआय खूण सक्तीची होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सक्ती उठली, पण त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पॅकबंद पिण्याचं पाणी ‘उच्च जोखमीच्या’ अन्नात गेलं, त्यामुळे दरवर्षीची पाहणी आणि बाहेरचं लेखापरीक्षण आलं. भूजलाचा प्रश्न वेगळा. २०२० च्या केंद्रीय सूचनांनुसार रोज दहा घनमीटरच्या आत उपसा करणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ना-हरकतीची सूट आहे. आपला आराखडा त्यात बसतो, मात्र अतिशोषित क्षेत्रात बाटलीबंद पाण्याचा नवा उद्योग काढताच येत नाही. म्हणून जागा घेण्याआधी तिथल्या भूजलाचा प्रवर्ग पाहावा.

समजा गुरुवारी एका बशीत ठिपके दिसले. तेव्हा उपयोगी पडतो तो सोमवारी घेतलेल्या नमुन्यांचा जोड: एक भरण्याच्या नळातून, एक भरलेल्या जारमधून, आणि दोन्ही सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. नळाचं पाणी स्वच्छ आणि जारचं दूषित असेल तर दोष धुण्यात आहे. नळातलं फक्त सुरुवातीचं दूषित असेल तर रात्रभर नळीत थांबलेल्या पाण्यात जंतू वाढले, म्हणजे सकाळचं पहिलं पाणी सोडून द्यायची सवय मोडली. तिन्ही वेळचं नळाचं पाणी दूषित असेल तर टाकी, ओझोन यंत्र आणि यूव्ही दिवा पाहायचा. त्या दिवसाच्या तुकडीचे जार कोणत्या फेरीने कुठे गेले ते वहीत असतंच. टेम्पो त्याच रस्त्याने निघतो आणि दोष सापडून नव्या नमुन्याचा निकाल येईपर्यंत भरणी बंद राहते.