माकणीतला प्लॉट 60 लाखांचा, कर कापायचा खरेदीदाराने!

जमीन किंवा घर विकणाऱ्याने कर भरायचा असतो, एवढे सर्वांना माहीत असते. पण 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात त्यातला एक टक्का खरेदीदारानेच कापून सरकारजमा करायचा असतो. तो न कापल्यास नोटीस विकणाऱ्याला नव्हे, तर घेणाऱ्याला येते. लोहारा तालुक्यातील माकणीचे उदाहरण घेऊन हा नियम समजून घेऊ.

शेतजमिनीला लागू आहे का?

माकणी ही ग्रामपंचायत आहे. तिच्या शिवारातली शेतजमीन ग्रामीण शेतजमीन ठरते आणि किंमत कितीही असली तरी तिच्या खरेदीवर हा टीडीएस नाही. शहराजवळ मात्र चित्र बदलते. उमरग्यासारख्या, 10 हजार ते एक लाख लोकवस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 2 किलोमीटरपर्यंतची शेतजमीन ही सवलत गमावते. धाराशिव शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत एक लाखावर गेल्याने तिथे हे अंतर 6 किलोमीटर आहे. एनए झालेला प्लॉट, घर, दुकान किंवा फ्लॅट यांना मात्र गाव कोणतेही असो, नियम लागू होतो.

रक्कम कशी ठरते?

समजा, माकणीत रस्त्यालगतचा दुकानासह एनए प्लॉट दोन भाऊ विकत आहेत आणि एक पती-पत्नी तो निम्म्या-निम्म्या वाट्याने घेत आहेत. ठरलेली किंमत 60 लाख, तर रेडी रेकनरनुसार बाजारमूल्य 56 लाख. दोन्हींपैकी जास्त रकमेवर एक टक्का, म्हणजे एकूण 60 हजार रुपये टीडीएस. किंमत 48 लाख आणि बाजारमूल्य 52 लाख असते, तरीही 52 लाखांवर कर कापावा लागला असता. हे दोन्ही आकडे दस्ताच्या सूची क्रमांक 2 वर असतात.

‘प्रत्येकाचा वाटा 50 लाखांच्या आत आहे, मग कर कशाला?’ हा युक्तिवाद आता चालत नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून सर्व खरेदीदारांनी सर्व विक्रेत्यांना दिलेली एकूण रक्कम धरली जाते.

कधी आणि कसा भरायचा?

कर प्रत्येक हप्ता देतानाच कापायचा. खरेदीखताची वाट पाहायची नाही. 12 नोव्हेंबर 2025 रोजी 10 लाख बयाणा दिला, तर 10 हजार कापून विक्रेत्यांच्या हाती 9 लाख 90 हजार द्यायचे. भरण्याची मुदत ती रक्कम कापलेला महिना संपल्यापासून 30 दिवस, म्हणजे 30 डिसेंबर. उरलेले 50 लाख 20 जानेवारी 2026 रोजी दिले, तर 50 हजारांची मुदत 2 मार्च.

यासाठी टॅन क्रमांक लागत नाही. खरेदीदाराने आपल्या पॅनने incometax.gov.in वर लॉगइन करून e-Pay Tax मध्ये ‘26QB (TDS on Property)’ निवडायचे. विक्रेत्याचा पॅन, मालमत्तेचा पत्ता, करार व पैसे दिल्याची तारीख, किंमत आणि बाजारमूल्य भरून नेट बँकिंगने किंवा बँकेत रक्कम जमा करता येते.

इथे एक मेख आहे. प्रत्येक खरेदीदार आणि प्रत्येक विक्रेता यांच्या जोडीला वेगळा फॉर्म लागतो. या व्यवहारात बयाण्यासाठी 2,500 रुपयांचे चार आणि अंतिम हप्त्यासाठी 12,500 रुपयांचे चार, असे आठ फॉर्म होतील. कर भरल्यावर काही दिवसांनी ट्रेसेस संकेतस्थळावरून 16B प्रमाणपत्र उतरवून विक्रेत्याला द्यायचे.

चुकले तर?

कापलेला कर उशिरा भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज, मुळात कापलाच नसेल तर त्या काळासाठी एक टक्का. खरा फटका विलंब शुल्काचा: प्रत्येक फॉर्मला रोज 200 रुपये, कमाल कराइतके. म्हणजे 2,500 रुपयांच्या फॉर्मला 13 दिवस उशीर झाला की शुल्कच कराइतके होते.

विक्रेत्याचा पॅन आधारशी न जोडल्याने निष्क्रिय असेल, तर दर एक टक्क्याऐवजी 20 टक्के होतो. म्हणून बयाणा देण्याआधीच पॅनची स्थिती पोर्टलवर तपासावी. पॅन चुकीचा टाकला गेला, तर कर विक्रेत्याच्या 26AS मध्ये दिसत नाही. ट्रेसेसवर दुरुस्ती करता येते.

विक्रेता कर कायद्यानुसार अनिवासी असेल, तर हा नियम लागू होत नाही. तिथे दर वेगळे असतात. तसेच 1 एप्रिल 2026 पासूनच्या व्यवहारांना नवा प्राप्तिकर कायदा, 2025 लागू आहे. त्यात ही तरतूद कलम 393 मध्ये आहे. एक टक्का आणि 50 लाखांची मर्यादा तीच. त्या व्यवहारांसाठी पोर्टलवर जो फॉर्म दाखवला जाईल, तोच भरावा.