मंदङार, बरतान्या, बलाजार

समजा, योग्यकार्ताच्या एका विद्यापीठात आंतरराष्ट्रीय परिषद भरते आहे. स्वागताचे भाषण इंग्रजीत लिहून तयार आहे आणि कुलगुरू ते इंडोनेशियन भाषेत वाचणार आहेत. भाषांतरकाराच्या हाती पाच मिनिटांचा मजकूर आहे. त्याची पहिली अडचण पहिल्याच ओळीत येते, आणि ती शब्दांची नसून वेळेची असते.

इंग्रजीत ‘मान्यवर पाहुणे, स्त्री-पुरुषहो’ एवढे म्हटले की काम भागते. इंडोनेशियन सभागृहाला तेवढे पुरत नाही. तिथे आधी सलाम होतो. मग ‘सलाम सजाहतरा’, म्हणजे सर्वांना शुभेच्छा. पुष्कळदा त्यापुढे बालीच्या हिंदूंचे ‘ओम स्वस्त्यस्तु’ आणि बौद्धांचे ‘नमो बुद्धाय’ही येते. यावर वादही आहेत. इतर धर्मांची अभिवादने मुस्लिमांनी उच्चारू नयेत, असा सल्ला पूर्व जावातील उलेमा परिषदेने 2019 मध्ये दिला होता. त्यामुळे कोणती अभिवादने घ्यायची, हे भाषांतरकाराने परस्पर न ठरवता वक्त्याला विचारलेले बरे. त्यानंतर ‘याङ तरहोर्मात’, म्हणजे ‘आदरणीय’, अशी सुरुवात करून पदांच्या उतरत्या क्रमाने नावे येतात, आणि मग ईश्वराचे आभार. (यातला ‘ङ’ आपल्या ‘वाङ्मया’तला.) मूळ मजकुरात यातले काहीच नसते, पण गाळले तर भाषण अर्ध्यातून सुरू झाल्यासारखे वाटते. तेव्हा हा वेळ पुढच्या मजकुरातूनच काढावा लागतो.

दुसरी अडचण मराठी माणसाला चटकन कळेल. इंग्रजीत ‘वुई’ एकच. मराठीत ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. इंडोनेशियनमध्येही तसेच आहे: समोरच्याला वगळणारे ‘कामी’ आणि सामावून घेणारे ‘कीता’. ‘आमच्या विभागाला आपले स्वागत करताना आनंद होतो’ इथे ‘कामी’ हवे, कारण पाहुणे यजमान नव्हेत. ‘या दोन दिवसांत आपण एकमेकांचे संशोधन ऐकू’ इथे ‘कीता’ हवे. या दुसऱ्या वाक्यात चुकून ‘कामी’ पडले, तर पाहुण्यांना बोलावून बाहेरच बसवल्यासारखे होते. मूळ इंग्रजीवर नजर ठेवून हे ठरवता येत नाही; प्रत्येक ‘वुई’पाशी थांबून यात कोण कोण आले, हे विचारावेच लागते.

‘तुम्ही’चेही तसेच. ‘आन्दा’ हे सर्वनाम 1957 मध्ये सर्वांना चालेल असे तटस्थ संबोधन म्हणून रुळवले गेले. जाहिरातीत, पत्रकात ते शोभते, पण सभागृहातल्या ज्येष्ठ प्राध्यापकांना ते कोरडे वाटते. तिथे ‘बापाक दान ईबू’ हवे. शब्दशः ‘वडील आणि आई’, अर्थाने ‘सर आणि मॅडम’.

आता लयीकडे. मूळ भाषणात असे वाक्य आहे, असे धरू: ‘आपण इथे ऐकायला, प्रश्न विचारायला आणि शिकायला जमलो आहोत.’ कोश उघडून क्रियापदे शोधणारा बहुधा ‘मंदङारकान, मम्परतान्याकान, मम्पलाजारी’ लिहील. मोजून पाहा: मं-द-ङार-कान, चार, मम्-पर-ता-न्या-कान, पाच, मम्-प-ला-जा-री, पुन्हा पाच. वक्त्याचा श्वास संपतो. शिवाय मधल्या शब्दाचा अर्थ नुसता ‘विचारणे’ नव्हे. त्यात शंका घेण्याची, खोट काढण्याची छटा आहे. तिसऱ्यालाही कर्म लागते, काय अभ्यासायचे ते सांगावे लागते. इंडोनेशियन क्रियापदांना ‘मम्’, ‘कान’, ‘ई’ असे उपसर्ग-प्रत्यय लागतात, आणि दरवेळी शब्द वाढतो, अर्थही सरकतो.

ते उतरवून ठेवले की राहते: मंदङार, बरतान्या, बलाजार. मं-द-ङार, बर-ता-न्या, ब-ला-जार. तीन, तीन, तीन. वक्त्याला प्रत्येक शब्दानंतर थांबता येते, श्रोत्यालाही पुढचा ठेका आधीच कळतो. मूळ इंग्रजीतही नसलेली लय इथे फुकट मिळते.

लांब वाक्यांचा दोष ‘याङ’मध्ये दिसतो. हा आपल्या ‘जो-जे’सारखा जोडशब्द. इंग्रजीतले एक भरगच्च वाक्य तसेच उतरवले की त्यात तीन-तीन ‘याङ’ येतात. कागदावर ते खटकत नाही. मोठ्याने वाचले की दुसऱ्या ‘याङ’पाशी कर्ता विसरायला होतो. उपाय साधा: वाक्य तोडायचे आणि कर्ता पुन्हा म्हणायचा. तारीख-सालही अंकांत न ठेवता अक्षरी लिहायचे. 2025 हे ‘दुआ रीबू दुआ पुलूह लीमा’ होते, आणि वाक्याच्या मध्यावर वक्ता तिथे अडखळतो.

भारतातून गेलेला पाहुणा स्वतःच वाचणार असेल, तर आणखी एक खूण लागते. रोमन लिपीतला ‘सी’ इंडोनेशियनमध्ये ‘च’ असतो. कार्यक्रमाला तिथे ‘आचारा’ म्हणतात, हा आपल्याच ‘आचार’चा वंशज. त्याला ‘आकारा’ म्हटले की सभागृहात कुजबुज होते.

शेवटी कागदावर एक ओळ कोरी सोडतात. सुरुवातीच्या सलामाला श्रोते एकसुरात उत्तर देतात आणि ते पूर्ण होईपर्यंत वक्त्याने थांबायचे असते. मूळ इंग्रजी ‘थँक यू’वर संपले, तरी सुरुवातीला सलाम म्हटला असेल तर ‘तरीमा कासीह’नंतर शेवटचा सलाम येतोच, आणि त्याच्याखालीही तीच कोरी ओळ.