मामांनी की मामांना?

गेल्या वर्षी आमच्या पेठेतील एक किराणा दुकानदार पक्षाघाताच्या आजारातून बरे होऊन घरी आले. वय अठ्ठावन्न. उजवा हात लुळा आणि बोलणे तुटक. आजारी कसे पडलात असे मी विचारले, तेव्हा ते थांबत थांबत म्हणाले, "सकाळ... दुकान... चहा... हात... गेला." बायको आल्याचे सांगताना "बायको आला" म्हणाले. घरच्यांचे म्हणणे होते, "डॉक्टर, बोलता येत नाही एवढंच. समजतं सगळं."

हे "समजतं सगळं" किती खरे, याचा उलगडा पंधरा दिवसांनी झाला. त्यांच्या मेव्हण्याशी, म्हणजे मुलाच्या मामाशी, काही पैशांचा व्यवहार राहिला होता. मुलाने विचारले, "बाबा, मामांना आपण पैसे द्यायचेत ना?" त्यांनी मान डोलावली. मुलगा पैसे घेऊन निघाला. उंबरठ्यावर सुनेला शंका आली. तिने उलटे विचारले, "बाबा, मामांनी आपल्याला पैसे द्यायचेत ना?" त्यांनी पुन्हा मान डोलावली! दोघेही घाबरून त्यांना माझ्याकडे घेऊन आले. डोक्यावर परिणाम झाला की काय, ही त्यांची भीती.

मी एक साधी तपासणी केली. मुलगा आणि सून समोर उभे केले. "मुलाने भाकरी खाल्ली. कोणी खाल्ली?" त्यांनी मुलाकडे बोट दाखवले. "भाकरी मुलाने खाल्ली," असे शब्द फिरवले तरी उत्तर बरोबर. मग म्हणालो, "मुलाने सुनेला बोलावले. कोणी बोलावले?" मुलाकडे बोट. बरोबर. आता शब्द फिरवले: "सुनेला मुलाने बोलावले. कोणी बोलावले?" त्यांनी सुनेकडे बोट दाखवले. अशी सात-आठ वाक्ये घातली. जवळजवळ प्रत्येक वेळी, ज्याचे नाव आधी त्याला त्यांनी कर्ता ठरवले.

वाचकहो, यातील मर्म लक्षात घ्या. भाकरी माणसाला खात नाही, हे कळायला व्याकरण लागत नाही, व्यवहारज्ञान पुरते. पण मुलगा सुनेला बोलावू शकतो आणि सूनही मुलाला. तिथे निवाडा करतात ते "ने" आणि "ला" हे दोन चिमुकले प्रत्यय. नेमके तेच त्यांच्या हातून निसटत होते. त्यांच्या बोलण्यातूनही असेच बारीक तुकडे गळाले होते. दिवसभर घरात "पाणी घ्या", "गोळी घेतली का" असेच बोलणे चालते. ते शब्दांवरून आणि प्रसंगावरून कळते. म्हणून उणीव कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

व्यवहार मात्र त्यांच्या डोक्यात पक्का होता. मी टेबलावर एका बाजूला मामांचा फोटो ठेवला, दुसऱ्या बाजूला त्यांचा स्वतःचा. एक नोट त्यांच्या फोटोकडून मामांकडे सरकवली. त्यांनी जोरात मान हलवली, नाही. मामांकडून त्यांच्याकडे सरकवली, तसे डोळ्यांत पाणी आले आणि "हो, हो" म्हणाले. घरी वही उघडल्यावर तसेच निघाले. पैसे मामांनी द्यायचे होते. अर्थ शाबूत, पण वाक्यातून त्या अर्थापर्यंत जाणारी वाट मोडलेली.

हे कोडे नवे नाही. १८६१ साली पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी असा एक रुग्ण तपासला, ज्याला बोलले गेलेले बरेच कळे पण तोंडातून "टॅन" एवढाच शब्द निघे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, इजा सापडली. बोलणे अडते, समज शाबूत राहते, असे शंभरेक वर्षे मानले गेले. १९७६ मध्ये अमेरिकेत कॅरामाझा आणि झुरिफ या दोन संशोधकांनी अशा रुग्णांना वाक्य ऐकवून त्याचे चित्र ओळखायला लावले. मुलगा सफरचंद खातो अशा जातीची वाक्ये त्यांना जमली. मुलगा मुलीचा पाठलाग करतो की मुलगी मुलाचा, हे केवळ रचनेवरून ठरवायचे असे अवघड वाक्य आले, की त्यांचे उत्तर नाणे उडवून दिल्यासारखे होई.

आता दुसरी बाजू पाहा. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेला घरच्यांनी माझ्याकडे आणले, ते वेड लागले म्हणून. हातपाय ठणठणीत, बोलणे अस्खलित. पण काय? "काल त्या तिकडच्या त्याच्यात मी फेडलं ना, मग ती भांडुली आली आणि तिने सगळं करवून घेतलं." भांडुली म्हणजे काय, कोणालाच ठाऊक नाही. तरी "भांडुली आली", "तिने घेतलं" हे लिंग, प्रत्यय, क्रियापद कसे जागच्या जागी आहेत! किल्ली दाखवली तर तिचे नाव येईना. "टेबलावरची किल्ली द्या" म्हटले तर भलतेच उत्तर, आणि आपले काही चुकते आहे याची जाणीवही नाही. हाही वाचाघातच. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टराने त्याचे वर्णन केले. यात इजा डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या अंगाला असते.

एकाकडे शब्द आहेत, जोडणी नाही. दुसरीकडे जोडणी आहे, शब्द पोकळ. दोन्ही गोष्टी मेंदूत एकाच ठिकाणी एकाच यंत्रणेने होत असत्या, तर त्या अशा वेगवेगळ्या बिघडल्या नसत्या. यावरून निदान एवढे म्हणता येते की वाक्याची बांधणी आणि शब्दांचा अर्थ यांची व्यवस्था काही अंशी निरनिराळी आहे.

"काही अंशी" हे शब्द मी मुद्दाम वापरले. १९८३ मध्ये अमेरिकेतच असे तुटक बोलणारे चार रुग्ण तपासले गेले. चुकीच्या रचनेचे वाक्य ऐकवले, तर ते चूक आहे हे त्यांना बऱ्याच वेळा ओळखता आले. माझ्या दुकानदारालाही मी "बायको आला" ऐकवले, तर ते हसून मान हलवू लागले. म्हणजे व्याकरण पुसले गेलेले नव्हते. बोलण्याच्या वेगात ते वापरून कोणी, कोणाला हे ठरवणे जमत नव्हते. शिवाय वेर्निकेच्या प्रकारातले रुग्णही प्रत्ययांच्या चुका करतात. फक्त ते प्रत्यय गाळण्यापेक्षा भलताच लावतात. आणि २००७ मध्ये ब्रोकांच्या त्या जपून ठेवलेल्या मेंदूचे एमआरआय काढले, तेव्हा इजा पृष्ठभागावर दिसली त्याहून खूप खोल, मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली आढळली. तेव्हा व्याकरणाची एक पेटी आणि अर्थाची दुसरी, इतके सोपे चित्र मनात धरू नये.

घरच्यांनी करायचे ते थोडक्यात. अशा माणसाने मान डोलावली म्हणून व्यवहार करू नका, सही तर मुळीच घेऊ नका. तोच प्रश्न उलटा करून विचारा. दोन्हीला "हो" आले तर वाक्य कळलेले नाही. वस्तू, फोटो, वही समोर ठेवून विचारा आणि वाक्य सरळ ठेवा, करणारा आधी. आणि चांगला बोलणारा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर वेड म्हणून थांबू नका किंवा देवऋष्याकडे नेऊ नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सर्वांना नाही.

दुकानदार आता भाषोपचार घेत आहेत. परवा दवाखान्यात आले. बोट स्वतःकडे करून, प्रत्येक शब्दावर थांबत म्हणाले, "मामा... नी... मला... दिले." त्या "नी"साठी त्यांना चार महिने लागले.